बरणी न मावणारं घर

वच्छलाबाईंनी सगळी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात केली, पण राज्यं मात्र तीन पाहिली. त्या शाळेत लागल्या तेव्हा वरती मध्यप्रदेशाचं सरकार होतं, मग मुंबईचं आलं, मग महाराष्ट्राचं. बाई काही जिल्ह्याबाहेर गेल्या नाहीत. राज्यंच त्यांच्या वर्गावरून इन्स्पेक्टरासारखी येऊन गेली, आणि बाई प्रत्येकाला फळ्यावरची तारीख दाखवून पुढचा धडा घेत राहिल्या.

अशा बाई निवृत्त होऊन चिखलीला भावाकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची एक पेटी आली आणि पुस्तकांची एक बैलगाडी. भाऊ उत्तमराव धान्याचे आडते. त्यांनी गाडी पाहिली आणि सवयीनं विचारलं, "अक्का, माल कायचा हाय?"

"पुस्तकं आहेत," बाई म्हणाल्या.

उत्तमरावांचा चेहरा उतरला. धान्य असतं तर निदान बाजार पाहून काढता आलं असतं.

घर मोठं होतं आणि मन त्याहून मोठं. पण घराची राज्यव्यवस्था भावजयीच्या, सोजराबाईंच्या हातात होती. सोजराबाई म्हणजे साठवणीचा महासागर. कुरड्या, पापड, सांडगे, शेवया, वर्षाची डाळ, दोन वर्षांची चिंच आणि लोणच्याच्या बरण्या. या बाईला रिकामी जागा दिसली की पान्हा फुटायचा. वच्छलाबाईंना मधल्या खोलीतल्या फळ्या मिळाल्या. बाईंनी त्यांवर पुस्तकं लावली, रांगेत, उंचीप्रमाणे, कवायतीला मुली उभ्या करतात तशी. आठ दिवस सगळं ठीक चाललं. मग एका रांगेच्या टोकाला मुगाच्या डाळीचा डबा येऊन उभा राहिला. जणू उशिरा आलेला विद्यार्थी.

"सोजरा, हा डबा?"

"असू द्या ना अक्का. कोपऱ्यात हाय. काय खाऊन राह्यला तो तुमचं?"

डब्यानं काही खाल्लं नाही, पण त्यानं भावंडं बोलावली. दिवाळीपर्यंत पुस्तकं एका फळीवरून उठली, संक्रांतीपर्यंत दुसरीवरून. उन्हाळ्यात बाईंनी एक जाडजूड इतिहास शोधायला घेतला तर तो लोणच्याच्या बरणीखाली सापडला. बरणीचं बूड एका बाजूला जरा बसकं होतं, आणि इतिहासाची जाडी त्याला अगदी बेताची होती.

"डुगडुगत होती हो बरणी," सोजराबाई म्हणाल्या. "तुमचं बुक काढलं का तेल सांडते. पाहा, आपलं आपणच ठरवा."

बाईंनी इतिहास काढला. तेल सांडलं. आणि त्या तेलाकडे पाहत बाईंनी ठरवलं, की उरलेल्या आयुष्यात आपल्याला फक्त एक गोष्ट हवी : एक असं घर, की ज्यातून पुस्तकाला उठवून तिथे डबा बसवता येणार नाही. निवृत्तीच्या पैशांचा सरकारनं दिलेला शेवटचा हप्ता होता, गावाबाहेर मेहकरच्या रस्त्याला उत्तमरावांनी बहिणीच्या नावानं घेऊन ठेवलेला छोटा तुकडा होता. बाईंनी आर्किटेक्ट बोलावला.

हे वाक्य आज साधं वाटतं. तेव्हा चिखलीत घर बांधायचं म्हणजे मोतीराम मिस्त्रीला बोलवायचं, तो काठीनं जमिनीवर रेघ मारायचा, आणि घरवाले म्हणायचे, "जरा सरकव तिकडं." झाला नकाशा. आर्किटेक्ट हा प्राणी अकोल्याला असतो आणि तो सिनेमा थेटरं काढतो अशी गावाची समजूत होती. ती खरीच होती. हिंमतराव मुंबईला रीतसर शिकून आले होते, पण वऱ्हाडानं त्यांच्याकडून आजवर एक थेटर आणि कापसाची गोदामं एवढंच काढून घेतलं होतं. माणसांसाठी घर काढून द्या, असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. बाईंचं पोस्टकार्ड मिळताच ते पुढच्या एस्टीनं आले. उन्हानं लाल झालेला चेहरा, हातात टेप आणि काखेत कागदाची लांब सुरळी.

ओसरीवर चहा झाला. उत्तमरावांना वाटलं, आता हा माणूस खोल्या विचारेल. हिंमतरावांनी विचारलं, "बाई, तुम्ही सकाळी उठल्यावर सगळ्यांत आधी काय करता?"

आतल्या दाराआड सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला.

"वाचते," बाई म्हणाल्या.

"कुठं बसून?"

"चुलीपाशी. चहा होईपर्यंत."

"उजेड कोणत्या बाजूनं येतो? डाव्या की उजव्या? दुपारी झोपता? झोपायच्या आधी वाचता की वाचता वाचता झोपता?"

बाईंना कित्येक वर्षांनी कुणीतरी परीक्षेला बसवलं होतं, आणि सगळी उत्तरं येत होती. त्या खुलल्या. उत्तमराव मात्र उठून आत गेले आणि बायकोला हळूच म्हणाले, "घराचं नाही विचारून राह्यला वं तो. अक्काचंच विचारून राह्यला."

मग पुस्तकं मोजायची वेळ आली. बाई अभिमानानं आकडा सांगायला लागल्या तर हिंमतराव म्हणाले, "किती आहेत ते नको. किती लांब आहेत ते सांगा." त्यांनी सगळी पुस्तकं जमिनीवर एका रेषेत उभी करायला लावली. मधल्या खोलीतून निघालेली ही रांग माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात गेली. हिंमतराव टेप धरून तिच्या कडेनं रांगत गेले. फळी इंचावर असते, पुस्तकाच्या संख्येवर नाही, त्यांनी समजावलं. शंभर पातळ काव्यसंग्रह जिथे मावतात तिथे दहा शब्दकोश मावत नाहीत. मग त्यांनी उंची घेतली, खोली घेतली, आणि स्वयंपाकघरातला तागडीकाटा मागवून फूटभर पुस्तकांचं वजन केलं.

"वजन कशाला?" बाईंनी विचारलं.

"कागद झाडाचा असतो बाई. रचला की परत लाकूड होतो. फळी तीन फुटांहून लांब ठेवली तर पोटात झोळ येईल, आणि सगळ्या फळ्यांचं मिळून वजन भिंतीवर येईल. तुमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खालचा मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर भिंत पुस्तकांसकट वाचायला बसेल."

बाईंना हा माणूस आवडला. तेवढ्यात त्यानं एक चूक केली. टेप गुंडाळत तो म्हणाला, "आत्ता आहेत त्याच्यापेक्षा एक तृतीयांश फळ्या जास्त देतो. मोकळ्या."

"कशाला?"

"पुस्तकं वाढतात."

"माझी नाही वाढायची. या वयात मी नवं काही घेणार नाही, आहे तेच पुन्हा वाचणार. आणि जी गेली ती गेली." हे शेवटचं बाई जरा थांबून म्हणाल्या. संग्रामपूर, साखरखेर्डा, जिथे जिथे नोकरी झाली तिथे बाईंनी पुस्तकं वाचायला दिली होती, आणि कोणाला काय दिलं हे कधी लिहून ठेवलं नव्हतं. गेलेल्या पुस्तकांविषयी त्या गेलेल्या माणसांसारखंच बोलत. नाव घेत नसत.

"तरीपण नियम आहे बाई. ग्रंथालयाच्या कामात मोकळी जागा ठेवतातच."

"हिंमतराव," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चौथीच्या वर्गात शिरला, "रिकामी फळी आणि रिकामा माणूस, या गावात दोघांनाही कोणी तसंच राहू देत नाही. तुम्ही मोकळी जागा द्याल आणि महिन्यात तिथे डाळ येईल. मला एक इंचही मोकळा नको. माळा नको, कोनाडा नको, कोठी नको. आणि फळीचं माप असं काढा, की तिच्यावर पुस्तक मावलं पाहिजे आणि बरणी मावता कामा नये."

हिंमतरावांनी चष्मा पुसला. थेटरवाल्यानं त्यांना दर्शनी भिंतीवर कमळ मागितलं होतं, गोदामवाल्यानं मोर. पण कशाला तरी घराबाहेर ठेवणारं माप कुणी मागितलं नव्हतं. "बरणी दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी सोजराबाईंच्या फळीवरची सगळ्यांत लहान बरणी आणली. दोन रंगांची, वर तपकिरी, खाली पांढरी. हिंमतरावांनी तिचीही उंची घेतली, घेर घेतला. सोजराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माह्या बरणीचं काऊन माप घेऊन राह्यले?"

"घरासाठी," हिंमतराव म्हणाले.

सोजराबाईंना भरून आलं. त्या आत जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगा हुशार हाय. बरणी पाहून घर काढते."

पंधरवड्यानं नकाशा आला. उत्तमरावांच्या ओसरीवर तो पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार अडकित्ते-वाट्या ठेवल्या. घर एवढंसंच : एक मोठी खोली, तिला लागून चूल, मागे न्हाणी, पुढे ओटा. पण खोलीच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड भिंत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना फळ्याच फळ्या.

"ही पुस्तकांची भिंत," हिंमतराव म्हणाले. "घराचा कणा. इकडच्या बाजूला वाचायचं, तिकडच्या बाजूला झोपायचं. स्वयंपाक करताना हात लांब केला की पुस्तक."

"मधातच?" उत्तमराव म्हणाले. "कडेनं चार भिंती हायेत ना बाप्पा. त्याईले लावा फळ्या. मधात जागा तरी राहीन."

"बाहेरच्या भिंतीला पाऊस लागतो, ओल आत येते. पश्चिमेची भिंत तर दुपारभर तापते. ओलीनं पान फुगतं, तापानं बांधणीचा डिंक सुटतो. पुस्तक घराच्या पोटात पाहिजे, बाळंतिणीसारखं." मग त्यांनी उत्तरेच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे एक रुंद खिडकी होती आणि खिडकीत बसता येईल असा दगडी कट्टा. "उत्तरेला ऊन येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा असतो. पुठ्ठ्यांचे रंग उडणार नाहीत आणि बाईंच्या डोळ्यांवर तिरीप येणार नाही. ही बाईंची जागा."

सर्वांत खालची फळी जमिनीपासून चांगली हातभर उंच होती. वाळवी जमिनीतून चढते, तेव्हा ती चढताना दिसली पाहिजे, म्हणून खाली मोकळं. मोठी पुस्तकं, नकाशे, कोश यांना खालच्याच ओळीत आडवे खण दिले होते. जड पुस्तक उभं ठेवलं की पाठीत मोडतं. आडवा खण उंचीला इतका कमी की त्यात बरणी तर सोडाच, ताकाचं भांडंही शिरू नये. आणि पुस्तकं फळीवर घट्ट कोंबू नयेत, ओढताना पाठ फाटते, म्हणून प्रत्येक खणात एक बोटाची सैल. एवढी एक बोटाची सैल बाईंनी मोठ्या मिनतवारीनं मंजूर केली.

सोजराबाईंनी नकाशा सगळीकडून पाहिला. "अन् बरणी कुठं राहीन?"

"कुठंच नाही," बाई म्हणाल्या.

"कुठंच?"

"बरणी बसू नये असंच माप काढलंय."

आपल्या बरणीचं माप कशासाठी घेतलं होतं हे सोजराबाईंना तेव्हा कळलं. त्या उठल्या, अडकित्ता उचलला, त्यामुळे नकाशाचा एक कोपरा आपोआप गुंडाळला गेला, आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी जेवताना बाईंच्या ताटात लोणचं आलं नाही.

बांधकाम सुरू झालं. सिमेंटचं परमिट बाईंच्या निवृत्तिवेतनापेक्षाही उशिरा आलं, पण आलं. मोतीराम मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खाली गेला आणि कुरकुरत वर आला. "बाई, जित्त्या माणसाच्या घराले एवढा पाया नाही घातला म्या कधी."

"पुस्तकं माणसांपेक्षा जास्त दिवस राहतात, मोतीराम."

भिंतीचे उभे खांब तीन-तीन फुटांवर चढले, सागवानी फळ्या आल्या. मोतीरामला एकच दुःख होतं : माप. "दोन बोटं वाढवू द्या ना बाई. आपला तेलाचा डबा तरी बसंन. उद्या पाव्हणे आले त म्हणतीन, मोतीरामनं कंजूस फळी केली."

बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. त्या रोज घरून येताना ती लहान बरणी पदराखाली घेऊन येत. त्या दिवशी जेवढे खण झाले असतील त्या प्रत्येकात त्या बरणी घालून पाहत. उभी जाते का? नाही. आडवी? बुडाकडून अर्धी बाहेर राहते. "नापास," त्या बरणीला म्हणत आणि पुढच्या खणाकडे जात. एका खणात बरणी शिरली. बाईंनी तो खण उतरवून पुन्हा बांधायला लावला. त्या भानगडीत खांबाला आपटून बरणीच्या काठाचा एक टवका उडाला, तो सोजराबाईंनी संध्याकाळी बोट फिरवून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा आवाज उत्तमरावांना आठ दिवस ऐकू येत होता.

वैशाखात वास्तुशांत ठरली. आमच्याकडे वास्तुशांतीला रिकाम्या हातानं जात नाहीत. भांडं नेतात, त्यावर नाव घालून, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळावं की हा गंज कुणी दिला आणि तो किती पातळ होता. बाईंना ओळखणारी माणसं साऱ्या जिल्ह्यात. सोजराबाईंनी ओळखलं, की दोनशे गंज येणार आणि ते ठेवायला माझ्याच घरी जागा शोधणार. शिवाय मनात ती बरणी होतीच. त्यांनी सगळीकडं निरोप धाडले. साखरखेर्डा त्यांचं माहेर. तिथे भाऊ भगवानराव सरपंच होता, त्याच्या कानावर घातलं. संग्रामपूरकडचे ज्वारीवाले आडतीवर येत, त्यांच्याबरोबर तिकडं कळवलं. निरोप असा : "या सगळे, पण भांडं आणू नोका. अक्काच्या घरात पुस्तकाबिगर काहीच मावत नाही. गिलासही नाही."

निरोप खरा होता. तोच घात झाला.

कारण भांडं नाही न्यायचं तर काय न्यायचं, हा प्रश्न जिल्हाभर चुलीपाशी बसून लोकांनी सोडवला, आणि सगळ्यांना एकच उत्तर आलं. इतकी एकमतानं बरोबर उत्तरं बाईंच्या वर्गात कधी आली नव्हती. पुस्तकाशिवाय काही मावत नाही म्हणजे पुस्तक मावतं. आणि बाईंचं एखादं पुस्तक तर आपल्या घरात आहेच की! कुठं ते कपाटात होतं, कुठं गव्हाच्या कणगीमागं, कुठं लेकीनं सासरी नेलं होतं. ते लेकीकडून मागवलं गेलं.

वास्तुशांतीच्या सकाळी होमाचा धूर निवला आणि पाहुणे यायला लागले. सगळ्यांत आधी भगवानराव. फेटा, उपरणं, आणि दोन्ही हातांवर खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "बाई, तुमचीच ठेव हाय. माह्या आंगणात वाढलेली लेक समजून पोचवून राह्यलो." आत सात पुस्तकं होती. प्रत्येकावर हळदकुंकू वाहिलेलं. बाईंनी पहिलं उघडलं, पहिल्या पानावर आपलंच नाव वाचलं आणि पुस्तक छातीशी धरलं. मेलेलं माणूस परत आल्यावर आधी आनंद होतो. जागेचा विचार नंतर सुचतो.

मग संग्रामपूरहून पुष्पाबाई आल्या. त्या बाईंच्या हाताखाली शिकून पुढं शिक्षिका झालेल्या. एस्टीच्या टपावरून त्यांनी एक अख्खी लोखंडी पेटी उतरवली. "बाई, तुमची बदली झाली तवा पेटी आमच्याकडं ठेवली होती. तुम्ही येसान म्हणून वाट पाहिली. मंग वाचूनच काढली सगळी. दोनदा."

मग झुंडीच्या झुंडी. आहेर नाकारायचा नसतो. बाई एक एक पुस्तक कपाळाला लावून घेत होत्या आणि मागे वळून फळीकडं पाहत होत्या. फळ्या भरलेल्या होत्या. एका बोटाची सैल होती, तिच्यात बाईंनी तीन पातळ पुस्तकं सरकवली आणि ती संपली. मग पुस्तकं खाटेवर गेली. खाटेवरून खाटेखाली. चुलीच्या कट्ट्यावर. मग बाईंच्या खास जागेवर, उत्तरेच्या खिडकीत. काही जणांनी तर प्रेमानं, बाईंचं पुस्तक सापडत नाही म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी आणलं होतं. दुपारच्या जेवणावळीपर्यंत घर पुस्तकांभोवती बांधलेलं राहिलं होतं आणि बाई घराभोवती, म्हणजे ओट्यावर.

हिंमतराव पंगतीत बसले होते. बाई वाढायला त्यांच्यासमोर आल्या.

"बोला," बाई म्हणाल्या. "बोलून टाका. एक तृतीयांश म्हणाला होतात."

"नाही बाई," हिंमतराव भात कालवत म्हणाले. "चुकलंच माझं. दुप्पट म्हणायला हवं होतं."

पाहुणे गेल्यावर दोघांनी घर धुंडाळलं. हिंमतरावांनी टेप काढला आणि परत खिशात घातला. मधल्या भिंतीत आणखी फळी घालायची तर उंची नाही. मापच असं काढलेलं, की खणात हवेलाही वाकून जावं लागे. बाहेरच्या भिंतींना फळ्या लावाव्या, तर पावसाळा तोंडावर आणि नव्या भिंतींचं पाणी अजून वाळलेलं नाही. पहिल्याच वर्षी बुरशी. जमिनीवर रचावं, तर काळ्या मातीतली वाळवी आमंत्रणाचीच वाट पाहते. पेटीत कोंडावं, तर हवा नाही, झुरळं आणि कसर. खोली वाढवावी, तर पाणी पडून जमीन फुगायच्या आत पाया व्हायचा नाही.

"आता?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चौथीतून थेट बिगरीत आला होता.

"कोरडी, आतल्या भिंतीची, जमिनीपासून उंच, हवेशीर, खोल फळी पाहिजे," हिंमतराव म्हणाले. "आणि आठ दिवसांत."

ओट्यावर पत्रावळी गोळा करणाऱ्या सोजराबाई आत न पाहता म्हणाल्या, "हाय ना."

"काय?"

"माह्या बरण्याईची फळी. मधल्या खोलीतली. मीठ-तिखट ठेवतो आम्ही, ओल आली त लोणच्याले बुरा येते. अडाणी असन मी, पण ओलीत फळी नाही लावत."

हिंमतराव गेले, पाहून आले. भिंत आतली. फळ्या दगडी, कडाप्प्याच्या, म्हणजे झोळ नाही. वाळवीला चढायला लाकूड नाही. वर झरोका. दोन पुस्तकं एकामागं एक बसतील एवढी खोल. त्यांनी बोटानं भिंत पुसून पाहिली. धूळ निघाली, ओल नाही. "बाई," ते परत येऊन म्हणाले, "मी तुम्हाला याहून बरी फळी काढून देऊ शकणार नाही."

वच्छलाबाई भावजयीकडं वळल्या. "सोजरा, अन् मंग तुह्या बरण्या?" बाई घाईत असल्या किंवा हरल्या की शाळेची भाषा सुटून वऱ्हाडी बाहेर यायची.

"त्या कुठं तरी बसतीन. बरण्याईले काय, उजेड नको, ऊन नको, थंड जागा पाह्यजे."

हिंमतराव खिडकीकडं पाहायला लागले. ते पाहत आहेत हे बाईंनी पाहिलं. उत्तरेची खिडकी. ऊन येत नाही. दगडी कट्टा, बुडाला गार. रुंदीही अशी, की एक माणूस मांडी घालून बसेल, किंवा बरण्या दोन रांगांत.

"उजेड हाय तिथं," बाई क्षीणपणे म्हणाल्या.

"फडकं बांधून ठीवतो," सोजराबाई म्हणाल्या.

पुस्तकांची गाडी इकडून तिकडं गेली आणि त्याच गाडीत परतीला बरण्या आल्या. आता चिखलीतली दोन्ही घरं चालू आहेत. परत आलेलं पुस्तक हवं असलं की बाई भावाकडं जातात, मधल्या खोलीत बसून वाचतात, आणि उठताना सोजराबाई त्यांना चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. लोणचं हवं असलं की सोजराबाई वाटी घेऊन बाईंकडं येतात, आणि हात चिकट असल्यामुळं बाई त्यांना पुस्तकं शिवू देत नाहीत, म्हणून स्वतःच काहीतरी वाचून दाखवतात. गेल्या महिन्यात तो जाडजूड इतिहास सुरू झाला. सोजराबाईंना त्यातल्या राण्या पटत नाहीत, पण रसदीचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

हिंमतरावांना आता घरांची कामं मिळायला लागली आहेत. कुणी मोठं गिऱ्हाईक मिळालं की त्याला ते आधी हे घर दाखवायला आणतात : मधली भिंत, आडवे खण, उत्तरेचा उजेड. परवा एका वकिलाला घेऊन आले. वकील खिडकीपाशी थांबला. कट्ट्यावर बरण्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, आणि त्यांच्यामध्ये राहिलेल्या वीतभर जागेत अंग चोरून बसलेल्या, चष्मा नाकावर, वच्छलाबाई. मधोमध, सगळ्यांत चांगल्या उजेडात, काठाचा टवका उडालेली ती लहान बरणी.

"ही जागा कशासाठी काढली?" वकिलानं विचारलं.

हिंमतराव चष्मा पुसायला लागले. बाईंनी पुस्तकातून मान वर केली नाही, नुसतं पान उलटलं.

"सगळे खण तपासले हो मी," त्या म्हणाल्या. "बरणी घालून घालून तपासले. या खिडकीत घालून पाहायचंच राहिलं."